चड्डी-बनियनचा नंबर

पुरुषांच्या तयार चड्डीचा नंबर म्हणजे कमरेचा सेंटिमीटरमधला घेर. तो ७५, ८०, ८५, ९० असा पाच-पाचने चढतो. पँटचा नंबर मात्र इंचात असतो: ३०, ३२, ३४. १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक मापे आली, तरी शिंप्याच्या टेपवरचा इंच हटला नाही. रत्नागिरी, चिपळूण किंवा कुडाळच्या बाजारपेठेत चड्डी मागताना गिऱ्हाईक बहुधा पँटचाच नंबर सांगते. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर, म्हणून ३४ चे ८६ होतात आणि दुकानदार ८५ चा खोका पुढे ठेवतो. गुणाकार बरोबर असतो. पण ३४ हे त्या माणसाच्या कमरेचे माप असेलच असे नाही, आणि चड्डी चुकते ती इथेच.

पँटचा नंबर कमरेपासून फारकत घेतो त्याची दोन मुख्य कारणे आहेत. शिंपी माप घेतो ते शर्टावरून, टेपमध्ये एखादे बोट ठेवून. आत खोचलेल्या शर्टाची आणि श्वासाची जागा त्यात धरलेली असते. तयार पँटमध्ये तर लेबलवरच्या आकड्यापेक्षा पट्टा बऱ्याचदा इंच-दोन इंच मोठा शिवलेला असतो. दुसरे कारण पोटाचे. पोट सुटले की माणूस पँट पोटाखाली उतरवतो. घेर वाढत जातो, पण पँटचा नंबर वर्षानुवर्षे तोच राहतो.

एक नमुना घेऊ. चाळिशीतला माणूस, तयार पँट ३४ ची. पँटचे बटण लावून ती टेबलावर सपाट पसरली आणि पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजला तर ४६ सेंटिमीटर भरला, म्हणजे घेर ९२. त्याच्या बेंबीवरून टेप फिरवला तर ९८. पोटाखाली, चड्डीचे इलॅस्टिक जिथे बसते तिथे, ९१. लेबल धरून घेतलेली ८५ ची चड्डी त्याला काचेल आणि बेंबीच्या मापाने घेतलेली १०० ची घसरेल. त्याला हवी ९० ची. म्हणून टेप इलॅस्टिकच्या जागी, अंगाला लागून, जमिनीला समांतर धरावा आणि पोट आत ओढू नये. टेप नसेल तर नाडी गुंडाळून ती पट्टीवर मोजली तरी चालते. माप दोन नंबरांच्या मधोमध, ८७-८८ असे आले, तर मोठा नंबर घ्यावा. खोक्यावरच्या एम, एल या अक्षरांवर विसंबू नये. एका कंपनीचा एल दुसरीच्या एलशी जुळेलच असे नाही. छापलेले सेंटिमीटर वाचावेत.

लहान चड्डी ओळखायला सोपी आहे. बसल्यावर इलॅस्टिक पोटाखाली दुमडते आणि काढल्यानंतरही कातडीवर लाल वळ बराच वेळ राहतो. मोठ्या चड्डीचे कापड जांघेत गोळा होऊन घासते. कोकणच्या दमट हवेत याला अधिक महत्त्व आहे, कारण काचलेल्या किंवा घासलेल्या जागी घाम साचून राहिला की नायटा धरतो. पावसाळ्यात तर पडवीतल्या दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस ओलसर राहतात. मग ते चुलीच्या उबेला टाकले जातात आणि त्या आचेने इलॅस्टिकचा ताण जातो. सैल पडलेली चड्डी पाहून पुढच्या वेळी एक नंबर लहान घेणारे बरेच असतात. तेव्हा मोठा झालेला असतो तो पट्टा. कंबर होती तेवढीच आहे. जुनी चड्डी पाहून नंबर ठरवू नये, पुन्हा मोजावे.

बनियनवरही ८५, ९०, ९५ असेच आकडे असतात, पण ते बहुधा छातीचे, काखेखालून फिरवलेल्या टेपचे. त्यामुळे दोन्ही एकाच नंबरचे मागणे चुकीचे ठरते. सडपातळ, खांद्याने रुंद माणसाची कंबर ८० आणि छाती ९२ असू शकते; त्याला चड्डी ८० ची आणि बनियन ९० किंवा ९५ ची लागेल. पोट छातीच्या पुढे गेले असेल तर बनियनसाठी पोटाचा घेर धरावा, नाहीतर ती वर सरकत राहते.

होजिअरीचे विणलेले सुती कापड ताणले जाते, म्हणून पाच सेंटिमीटरचा टप्पा त्याला पुरतो. शिंप्याकडून शिवलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीचे कापड ताणत नाही. शेतात, बागेत काम करणारे कोकणातले वडीलधारे अजूनही ती वापरतात. तिची कंबर नाडीने हवी तशी आवळता येते, म्हणून तिथे कमरेचा नंबर गौण ठरतो. शिंपी बैठकीचे आणि मांडीचे माप जपून घेतो, कारण उकिडवे बसल्यावर ती फाटते ती बैठकीतच.