कृती-आवाहन (व्हिडिओतील)

व्हिडिओ पाहणाऱ्याने एखाद्या लिंककडे जावे यासाठी केलेली बोली, लेखी किंवा दृश्य सूचना. व्यवहारात तिला ‘कॉल टू ॲक्शन’ किंवा नुसते ‘सीटीए’ म्हणतात. या नोंदीत माहितीपर व्हिडिओतून बाहेरच्या पानाकडे नेणाऱ्या आवाहनापुरताच विचार केला आहे. लाइक किंवा सबस्क्राइब करण्याची विनंती वेगळ्या प्रकारची असून तिचे निकषही वेगळे आहेत.

या कल्पनेचे मूळ छापील जाहिरातीत आहे, मात्र तिच्या जनकत्वाबद्दल एकमत नाही. लक्ष, रस, इच्छा आणि कृती अशा चार पायऱ्यांच्या ‘एआयडीए’ सूत्राचे श्रेय सामान्यतः ई. सेंट एल्मो लुइस या अमेरिकन जाहिराततज्ज्ञाला दिले जाते आणि साल १८९८ सांगितले जाते. हे साल मुख्यतः ई. के. स्ट्राँग यांच्या १९२५ मधील लेखनावरून पुढे आले, म्हणजे ते सुमारे पाव शतकानंतरच्या साक्षीवर उभे आहे. चार आद्याक्षरांचा एकत्र वापर सी. पी. रसेल यांच्या १९२१ च्या लेखात दिसतो. लुइस यांच्या मूळ मांडणीत पहिल्या तीनच पायऱ्या होत्या व ‘कृती’ ही नंतरची जोड, हे स्ट्राँग यांचे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. सूत्र कोणाचेही असो, त्यात कृतीचा क्रमांक शेवटचा आहे आणि व्हिडिओकारांनी तो क्रम जवळपास जसाच्या तसा उचलला. छापील पानावर तळाचे कूपन वाचकाला पहिल्या नजरेतच दिसते. व्हिडिओचा शेवट मात्र तिथवर टिकलेल्यालाच दिसतो. आवाहन कोठे ठेवावे याविषयीचे बहुतेक गोंधळ या फरकातून निघाले आहेत.

यूट्यूबवर २००८ मध्ये ‘ॲनोटेशन’ म्हणजे चित्रावर उमटणाऱ्या चौकटी आल्या. त्या मोबाइलवर चालत नसत आणि अतिवापरामुळे प्रेक्षकांना त्रासदायक झाल्या होत्या. २०१५ मध्ये कोपऱ्यात उमटणारी सूचना म्हणजे ‘कार्ड’ व २०१६ मध्ये शेवटी दिसणाऱ्या लिंकच्या चौकटी म्हणजे ‘एंड स्क्रीन’ आल्यावर त्या मागे पडल्या, आणि जानेवारी २०१९ मध्ये उरलेल्याही काढून टाकण्यात आल्या. एंड स्क्रीन शेवटच्या ५ ते २० सेकंदांतच लावता येते आणि तिच्यासाठी व्हिडिओ किमान २५ सेकंदांचा लागतो. कार्ड किंवा एंड स्क्रीनवरून बाहेरच्या संकेतस्थळाकडे नेण्याची मुभा भागीदार कार्यक्रमातील चॅनेलनाच असते. त्यामुळे बहुसंख्य निर्मात्यांच्या हाती डिस्क्रिप्शनमधली लिंक आणि तोंडाने केलेला उल्लेख एवढेच उरते. फोन आडवा धरून पूर्ण पडद्यावर पाहणाऱ्याला डिस्क्रिप्शन दिसत नाही. पडदा लहान करणे, घडी घातलेला मजकूर उघडणे आणि मग लिंकवर टिचकी मारणे असे तीन टप्पे त्याला पार करावे लागतात. म्हणून लिंक डिस्क्रिप्शनच्या पहिल्याच ओळीत हवी. परिचय, संगीताचे श्रेय वगैरे तिच्या खाली चालते.

शब्दरचनेचा अभ्यास मानसशास्त्राच्या बाजूने अधिक झाला आहे. जॅक ब्रेम यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या प्रतिरोध-सिद्धांतानुसार, आपले स्वातंत्र्य आवळले जात आहे असे वाटले की माणूस उलट दिशेला सरकतो. २००० मध्ये गेगेन आणि पास्कुआल या फ्रेंच संशोधकांनी दाखवले की विनंतीला ‘मान्य करायचे की नाही हे तुमच्यावर आहे’ अशी पुस्ती जोडली, तर होकार वाढतात. क्रिस्टोफर कारपेंटर यांच्या २०१३ मधील एकत्रित विश्लेषणाने या परिणामाला दुजोरा दिला, पण कृती लगेच करायची नसेल तर तो ओसरतो असेही नोंदवले. ही मर्यादा व्हिडिओकाराच्या फार कामाची आहे. सौम्य शब्द हवेत, आणि ते गरज ताजी असतानाच उच्चारले जायला हवेत. एलन लँगर व सहकाऱ्यांच्या १९७८ मधील झेरॉक्स यंत्राच्या प्रयोगात कारण जोडल्याने होकार वाढले. विनंती लहान असताना पोकळ कारणही चालले, मोठी असताना खरे कारण लागले. व्हिडिओ सोडून दुसऱ्या पानावर जाणे ही पाहणाऱ्याच्या दृष्टीने लहान विनंती नव्हे, असे मानून चालणे बरे.

मराठीत ही सौम्यता साधायला संकेतार्थ हाताशी आहे. ‘आत्ताच क्लिक करा, विसरू नका’ हे आज्ञार्थी वाक्य ऐकणाऱ्याला कामाला लावते. ‘तयार तक्ता हवा असेल तर खाली पहिल्याच ओळीत ठेवला आहे’ हे वाक्य वस्तू काय, ती कोणासाठी आणि कोठे, एवढेच सांगते. ‘अधिक माहितीसाठी लिंक पहा’ हे दिसायला सौम्य असले तरी कमकुवत आहे, कारण पलीकडे काय मिळणार ते त्यातून कळत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. घरखर्चाचा तक्ता स्प्रेडशीटमध्ये कसा करावा हे शिकवणारा नऊ मिनिटांचा व्हिडिओ आहे आणि लिंकवर तो तक्ता तयार मिळतो. पहिल्या आवृत्तीत सुरुवातीच्या वीस सेकंदांत ‘आधी लिंक उघडा’ असे सांगितले होते आणि शेवटी तेच पुन्हा. सुरुवातीला तक्त्याचा उपयोग कोणाला कळलेला नसतो, आणि शेवटाला बरेच जण निघून गेलेले असतात. दुसऱ्या आवृत्तीत आवाहन ३:१० वर आणले. त्याआधी निवेदकाने महिन्याची बेरीज चुकलेली दाखवली, सूत्र दुरुस्त केले आणि आकडा जुळला. त्या क्षणी पडद्यावर तक्ता असतानाच तो म्हणतो, ‘हा सूत्रांसकट भरलेला तक्ता ज्यांना हवा त्यांच्यासाठी खाली पहिल्या ओळीत आहे, स्वतः करायचा असेल तर पुढची पायरी अशी.’ वाक्य सात-आठ सेकंदांत संपते आणि धडा थांबत नाही. लिंक न उघडणाऱ्याचेही काही बुडत नाही, म्हणून बोलण्याला रेटा येत नाही.

परिणाम मोजताना एकूण व्ह्यूजने भागणे ही नेहमीची चूक. समजा १०,००० जणांनी व्हिडिओ सुरू केला, ३:१० वर ५,००० उरले आणि ८:४० वर १,५००. पहिल्या जागेवरून १५० आणि दुसरीवरून ६० क्लिक आले, तर ऐकणाऱ्यांपैकी अनुक्रमे ३ व ४ टक्के लिंकवर गेले. शेवटचे आवाहन ऐकणाऱ्यांवर अधिक परिणाम करते, तरी एकूण माणसे मधलेच जास्त पाठवते. हे वेगळे मोजायचे तर दोन जागांना दोन लिंक हव्यात आणि प्रत्येकीच्या पत्त्याला वेगळी खूण हवी:

```
?utm_source=youtube&utm_content=mid
?utm_source=youtube&utm_content=end
```

दोन्ही डिस्क्रिप्शनमध्येच ठेवल्या तर कोणती कशामुळे उघडली ते कळत नाही. म्हणून मधलीचा उल्लेख डिस्क्रिप्शनकडे आणि शेवटचीचा पिन केलेल्या कमेंटकडे करतात. ही विभागणीही काटेकोर नसते, कारण काही जण न ऐकताच लिंक शोधतात.

आवाहन बोचले की नाही हे क्लिकवरून कळत नाही. ते प्रेक्षक-टिकावाच्या आलेखावर दिसते. आवाहनाच्या सेकंदाला रेषा एकदम खाली येऊन नंतर पुन्हा जुन्या पातळीजवळ चढली, तर लोकांनी तेवढा तुकडा पुढे ढकलला. खाली येऊन खालीच राहिली, तर ते व्हिडिओच सोडून गेले. मात्र लिंक उघडायला गेलेलेही त्यातच मोजले जातात. त्यामुळे घसरण आणि क्लिक यांची तुलना करूनच निष्कर्ष काढावा. ४०० जण गेले आणि क्लिक ३० असतील, तर वाक्य किंवा जागा बदलणे योग्य.

दूरदर्शन संचावर पाहणाऱ्यांसाठी क्यूआर कोड किंवा तोंडाने सांगता येईल असा आखूड पत्ता वापरतात. कोड स्थिर आणि फोन हातात घेण्याइतका वेळ पडद्यावर राहायला हवा. शॉर्ट्समध्ये डिस्क्रिप्शन व कमेंटमधील लिंक ऑगस्ट २०२३ अखेरपासून दाबता येत नाहीत. तेथे ‘लिंक खाली आहे’ हे वाक्य जुन्या सवयीने आजही ऐकू येते.