मधुमेहींच्या ताटातला भात आणि भाकरी

मधुमेहाचं निदान झालं की घरातून पहिला हुकूम सुटतो तो भात बंद करण्याचा. मग कोणी ब्राऊन राईस आणतं, कोणी नाचणीचं पीठ, कोणी वरी. महिन्याभराने साखर तपासली की आकडा जवळपास तिथेच असतो आणि माणूस वैतागून पुन्हा कोलमवर येतो. यात ब्राऊन राईसचा दोष नाही, कोलमचाही पुरता नाही. पांढरा तांदूळ, अनपॉलिश तांदूळ आणि भरडधान्यं यांत फरक आहे आणि तो मोजता येतो. पण तो नेमका कशात आहे हे कळलं नाही, तर धान्य बदलूनही हाती काही लागत नाही.

भाताचं तूस काढलं की उरतो तो ब्राऊन राईस. त्याच्या अंगावर कोंड्याचा पातळ तपकिरी थर असतो आणि एका टोकाला अंकुर. गिरणीत पॉलिश करताना हे दोन्ही निघून जातं आणि आतला पिष्टाचा पांढरा दाणा उरतो. कोंड्यात तंतू, जीवनसत्त्वं आणि खनिजं असतात हे आपण ऐकलेलं असतं. साखरेच्या दृष्टीने मात्र त्याचं आणखी एक काम महत्त्वाचं आहे: शिजताना तो पाण्याला सहज आत शिरू देत नाही. दाणा कमी फुगतो, आतलं पिष्ट कमी मोकळं होतं आणि पचनरसांना ते फोडायला जास्त वेळ लागतो.

हा थर किती नाजूक आहे, ते चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने मोजलं आहे. एकाच जातीच्या तांदळाचे वेगवेगळे पॉलिश करून त्यांनी ग्लायसेमिक इंडेक्स काढला. हा आकडा काढताना लोकांना ५० ग्रॅम पचणारी कर्बोदकं मिळतील इतकं अन्न खायला देतात, दोन तास रक्तातली साखर मोजतात आणि ती चढण शुद्ध ग्लुकोजच्या चढणीशी ताडून बघतात. ग्लुकोजला १०० धरलं, तर अजिबात पॉलिश न केलेला तांदूळ ५८च्या आसपास आला. त्याच तांदळाचा जेमतेम २.३ टक्के भाग घासून काढला तर आकडा ७३ झाला आणि ४.४ टक्के काढल्यावर सुमारे ८०. याच संस्थेने आपल्याकडचा सुरती कोलम तपासला तेव्हा तो ७७ निघाला होता. म्हणजे थोडंसं पॉलिश केलं तरी बराचसा फायदा गेलेला असतो. ‘हातसडीचा’ म्हणून विकला जाणारा फिकट तांदूळ मला म्हणूनच ब्राऊन राईसच्या रांगेत बसवावासा वाटत नाही, तो पांढऱ्याच्या जास्त जवळ आहे.

विकत घेताना चार दाणे तळहातावर घेऊन बघा. पूर्ण दाण्याच्या एका टोकाला अंकुराचा बारीक ठिपका दिसतो आणि तपकिरी रंग सगळीकडे सारखा असतो. त्या टोकाला खाच पडली असेल आणि रंग फक्त पट्ट्यापट्ट्यांनी उरला असेल, तर दाणा पॉलिश झालेला आहे. कोंड्यात तेल असल्याने हा तांदूळ लवकर खवट होतो. वर्षभराचा भरून ठेवू नये, महिन्या-दोन महिन्यांपुरताच आणावा. शिजवण्यातही एक घोटाळा होतो. तो कडक लागतो म्हणून लोक रात्रभर भिजवतात, भरपूर पाणी घालून शिट्ट्यांवर शिट्ट्या काढतात आणि मऊ गिचका करतात. कोंडा फुटला आणि पिष्ट फुलून आलं की जो अडथळा विकत आणला होता, तोच आपण मोडून टाकतो. तासभर भिजवून, दाणा सुटा राहील इतपतच शिजवावा आणि नीट चावून खावा.

आता भरडधान्यं. इथे एकच गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचं सगळं सोपं होतं. ज्वारी, बाजरी आणि नाचणी ही बिनतुसाची धान्यं आहेत. मळणी झाली की दाणा तसाच गिरणीत जातो आणि त्याचा कोंडा पिठात उतरतो. वरी, कोद्रा, राळा यांच्यावर मात्र कडक तूस असतं. ते यंत्राने काढावं लागतं आणि यंत्र तुसाबरोबर बऱ्याचदा कोंडाही खरवडून नेतं. दुकानात मिळणारी शुभ्र, चकचकीत वरी ही अशी पॉलिश झालेली असते. मधुमेही माणूस उपवासाला ‘भात नाही, भगर खाल्ली’ म्हणून निश्चिंत होतो आणि दोन वाट्या मऊ भगर दाण्याच्या आमटीबरोबर संपवतो. त्या ताटाची गणती भाताच्या ताटातच करायला हवी. घ्यायचीच असेल तर राखाडी-पिवळसर झाक असलेली वरी शोधावी.

ज्वारी-बाजरीकडे जमेच्या बाजू खऱ्या आहेत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यांत १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात सुमारे ७८ ग्रॅम पचणारी कर्बोदकं आणि ३ ग्रॅमहून कमी तंतू आहेत. ब्राऊन राईसमध्ये ७५ आणि साडेचार. ज्वारीत ६८ आणि १०, बाजरीत ६२ आणि साडेअकरा. तंतूंच्या हिशेबात ब्राऊन राईस पांढऱ्याच्या शेजारी बसतो आणि भाकरीची धान्यं पार पुढे निघून जातात, हे या आकड्यांतून स्वच्छ दिसतं. शिवाय ज्वारीच्या दाण्यात पिष्टाच्या कणांभोवती प्रथिनांचं घट्ट वेष्टन असतं. शिजल्यावर ते आणखी आवळतं आणि पिष्ट सावकाश पचतं.

नाचणीबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण मधुमेह म्हटला की सगळे तीच सुचवतात. तिच्यात कॅल्शियम भरपूर आहे, १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर, आणि तंतूही ज्वारीइतके. पण वस्त्रगाळ नाचणीसत्त्व काढायचं, त्यात पाणी घालून गुळगुळीत होईपर्यंत शिजवायचं आणि वाडगाभर पिऊन टाकायचं, यात धान्याची सगळी रचना मोडलेली असते. कोंडा गाळला गेला, कण बारीक झाले, पिष्ट पाण्यात पूर्ण फुललं आणि चावणंही संपलं. साखर झपाट्याने चढते. त्याच नाचणीची जाडसर पिठाची भाकरी सावकाश पचते. आजारातून उठलेल्या माणसाला किंवा बाळाला हे सत्त्व चांगलं, पण मधुमेही माणसाचा रोजचा नाश्ता म्हणून मी ते सुचवणार नाही.

आता एका ताटाचा हिशेब करू. समजा, पंचावन्न वर्षांच्या एका बाई रात्री दोन फुलके आणि दीड-दोन वाट्या पांढरा भात जेवतात. फुलक्यांना ५० ग्रॅम कणीक, भाताला ६० ग्रॅम तांदूळ. कणकेतून ३२ ग्रॅम आणि तांदळातून ४७ ग्रॅम, म्हणजे धान्यातून ७९ ग्रॅम कर्बोदकं. भाजी-आमटी सगळीकडे तीच धरू.

त्यांनी फक्त पांढऱ्याच्या जागी तेवढाच ब्राऊन राईस घेतला, तर बेरीज ७७ होते. दोन ग्रॅमचा फरक. साखर थोडी हळू चढेल, पण ओझं तेवढंच राहील.

दुसरी शक्यता घरोघरी दिसते. भाकरी चालते म्हणून फुलक्यांऐवजी ज्वारीच्या दोन भाकऱ्या आणि वर भात नेहमीइतकाच. मध्यम भाकरीला ६० ग्रॅम पीठ लागतं आणि त्यातून ४१ ग्रॅम कर्बोदकं मिळतात. दोन भाकऱ्यांचे ८२, भाताचे ४७, एकूण १२९. फुलका छोटा नि पातळ असतो, भाकरी त्याच्या दुपटीहून जड असते आणि ही गोष्ट डोळ्यांना कळत नाही. ज्वारी खाऊनही साखर वाढली अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी अनेकांचं ताट असं असतं.

तिसऱ्या ताटात एक भाकरी आणि २५ ग्रॅम तांदळाचा छोटा मुदीएवढा भात. ४१ आणि २०, म्हणजे ६१. भात पांढरा ठेवला तरीही हे ताट दुसऱ्यापेक्षा निम्म्याहून कमी भरतं. आणि पोट भरण्यासाठी वाटीभर मटकी किंवा मुगाची उसळ वाढवली, तर कर्बोदकं थोडी वाढतात खरी, पण कडधान्यातली साखर फार सावकाश सुटते. चेन्नईच्याच संस्थेने जादा वजनाच्या माणसांना पाच-पाच दिवस वेगवेगळं जेवण देऊन चोवीस तास साखर मोजली होती. पांढऱ्या भाताच्या तुलनेत ब्राऊन राईसने साखरेची एकूण चढण सुमारे २० टक्क्यांनी उतरली आणि त्याला कडधान्यांची जोड दिल्यावर २३ टक्क्यांनी. अभ्यासात माणसं मोजकी होती आणि ती मधुमेही नव्हती, त्यामुळे हे आकडे स्वतःला जसेच्या तसे लावू नयेत. दिशा मात्र भरवशाची आहे.

कोकणात आणि गोव्यात उकडा तांदूळ रोजचा आहे आणि या चर्चेत तो नेहमी राहून जातो. भात तुसासकट उकडून, वाळवून मग सडतात. त्या उष्णतेने पिष्टाची घडण बदलते आणि कोंड्यातलं थायमिन दाण्यात मुरतं. त्यामुळे उकड्याची साखर साध्या पांढऱ्यापेक्षा सहसा हळू चढते. ज्यांना भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, त्यांनी तांबूस उकड्या तांदळाचा सुटा भात मापात खावा. त्याचीच मऊ पेज केली की मात्र नाचणीच्या सत्त्वाचा नियम लागू होतो.

आपल्याला काय मानवतं हे ग्लुकोमीटरवर बघता येतं, पण नीट बघितलं तर. जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा मोजायचं. ज्या दोन ताटांची तुलना करायची, त्या दोन्हींत भाजी-आमटी तीच, जेवणाची वेळ तीच आणि जेवल्यावर चालणं असेल तर तेही तेवढंच. प्रत्येक ताट निदान तीन दिवस करून बघावं. घरच्या मीटरच्या आकड्यात १५ टक्क्यांपर्यंत फरक मान्य धरलेला असतो, म्हणून भातानंतर १९० आणि भाकरीनंतर १७८ आलं तर त्यावरून काहीच ठरत नाही. तीनही दिवस तीस-चाळीसने कमी आलं तर फरक खरा. बहुतेक प्रौढांसाठी जेवणानंतरची मर्यादा १८० धरतात, वयस्कर किंवा इतर आजार असलेल्यांसाठी डॉक्टर ती वेगळी ठरवतात.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर हा बदल डॉक्टरांना सांगूनच करावा. औषधाचा डोस जुन्या ताटाला जुळवलेला असतो. ताटातली कर्बोदकं एकदम निम्मी झाली आणि डोस तोच राहिला, तर साखर ७०च्या खाली जाऊन घाम, थरथर, गरगरणं सुरू होऊ शकतं, आणि रात्री झोपेत ते लक्षातही येत नाही. मूत्रपिंडं कमजोर झालेल्यांना कोंड्यासकटच्या धान्यातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम मोजावं लागतं, त्यांच्यासाठी कधी कधी मापातला पांढरा भातच योग्य ठरतो. बाकीच्यांनी आठवड्यात दोन-तीन जेवणांपासून सुरुवात करावी. एकदम तंतू वाढवले की पोट फुगतं आणि मग आठवड्याभरात भाकरी सुटते.