दिवंगतांपर्यंत पुण्य कसे पोहोचते? भिक्खूंच्या भोजनदानामागची परंपरा

श्रीलंकेतल्या सिंहली बौद्ध घरात कुणी वारलं की सहाव्या दिवशी संध्याकाळी भन्ते घरी येऊन धम्मदेसना देतात आणि सातव्या दिवशी भिक्खुसंघाला जेवण दिलं जातं. याला 'मतक दाने' म्हणतात. पुढे तीन महिन्यांनी आणि वर्ष सरल्यावर हे दान पुन्हा होतं. आपल्याकडच्या दिवसकार्याशी त्याचं बाहेरून बरंच साम्य दिसतं, पण आतला विचार अगदी वेगळा आहे.

त्या दिवशी विहारातून बुद्धधातूचा, म्हणजे बुद्धाच्या पवित्र अवशेषांचा, करंडक डोक्यावर घेऊन, ढोलाच्या ठेक्यावर भिक्खूंना घरी आणतात. दारात त्यांचे पाय धुतात आणि भिंतीलगत पांढरं वस्त्र अंथरलेल्या आसनांवर त्यांना बसवतात. प्रत्येक पदार्थाचा थोडा भाग आधी बुद्धापुढे ठेवला जातो. मग घरातला कुणीतरी पाली वाक्य म्हणून हे अन्न 'भिक्खुसंघाला' अर्पण करतो. समोर चारच भिक्खू असले तरी दान साऱ्या संघाला झालं असं मानलं जातं, आणि कोणते भिक्खू यायचे हे घरच्यांनी नव्हे तर विहाराने ठरवायचं, अशी मूळ अपेक्षा असते. भात, भाज्या, शेवटी दही आणि त्यावर ताडाच्या जातीच्या कितुल झाडाच्या रसाचा पाक. दुपारनंतर भिक्खू जेवत नाहीत, म्हणून हे सगळं माध्यान्हीच्या आत उरकावं लागतं.

जेवणानंतरचा भाग घरच्यांसाठी सर्वांत महत्त्वाचा. ताटलीत एक पेला ठेवलेला असतो. जवळचे नातेवाईक मिळून पाण्याची झारी धरतात, ज्याचा हात पोहोचत नाही तो पुढच्याच्या खांद्याला हात लावतो, आणि पेल्यात संथ धार सोडली जाते. पेला भरतो, पाणी काठावरून ताटलीत सांडू लागतं, तरी धार थांबत नाही. भिक्खू तेव्हा पाली गाथा म्हणत असतात: उंचावर पडलेलं पावसाचं पाणी जसं सखल जागी वाहत जातं, भरलेल्या नद्या जशा सागराला भरून टाकतात, तसं इथे दिलेलं प्रेतांना, म्हणजे प्रेतयोनीत जन्मलेल्या मृतांना, लाभतं.

या गाथा 'तिरोकुड्ड सुत्ता'तल्या आहेत. खुद्दकपाठ आणि पेतवत्थु या दोन्ही पाली ग्रंथांत ते येतं. गेलेली माणसं आपल्याच घराकडे परत येऊन भिंतीबाहेर, चव्हाट्यावर, दाराच्या चौकटीशी उभी राहतात, असं त्यात म्हटलं आहे. त्यांच्या लोकात शेती नाही, गुराखीपण नाही, व्यापार नाही, सोन्याने होणारी खरेदी-विक्री नाही. इथून जे मिळेल त्यावरच ती जगतात. रडण्याने, शोकाने त्यांचं काही भलं होत नाही, हेही हे सुत्त स्पष्ट सांगतं.

अट्ठकथेत, म्हणजे जुन्या पाली भाष्यात, या सुत्तामागे बिंबिसार राजाची कथा जोडली आहे. राजगृहात राजाने बुद्धाला दान दिलं, पण ते कुणाच्या नावे दिलं नाही. पूर्वजन्मीचे त्याचे नातलग प्रेतयोनीत आशेने वाट पाहत होते. पदरी निराशा आल्यावर त्यांनी रात्री राजवाड्यात भयंकर आक्रोश केला. सकाळी बुद्धाने कारण सांगितलं, तेव्हा राजाने पुन्हा दान दिलं आणि या वेळी 'हे माझ्या नातलगांना लाभो' असं म्हटलं. पाणी देताच प्रेतांसाठी कमळांची तळी निर्माण झाली, अन्न देताच दिव्य अन्न मिळालं. तरी ते उघडेच होते. वस्त्रं दिली तेव्हा त्यांना वस्त्रं मिळाली. नातलगांसाठी अन्नासोबत चीवर का दिलं जातं, याचं उत्तर या तपशिलात आहे.

पण इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. ज्याचं कर्म त्याचं, ही बुद्धाच्या शिकवणुकीची पायाभूत गोष्ट. मग लेकाने केलेलं पुण्य बापाला कसं मिळेल? हा वाद अभिधम्मातल्या 'कथावत्थु' या पाली ग्रंथातही आला आहे. थेरवादी परंपरेचं उत्तर असं की पुण्य वस्तूसारखं हातातून हातात जात नाही. दान देणारा ते गेलेल्याच्या नावे करतो, प्रेत ते पाहून मनापासून आनंदतं, अनुमोदन करतं, आणि ते अनुमोदन हेच त्याचं स्वतःचं कुशल कर्म ठरतं. फळ मिळतं ते त्या कर्माचं. देणाऱ्याचं पुण्यही यात घटत नाही. मला हे उत्तर फार मोलाचं वाटतं, कारण त्यात माया आणि कर्माचा नियम दोन्ही शाबूत राहतात.

त्यामुळे अटीही येतात. अंगुत्तर निकाय या पाली सुत्तसंग्रहात जाणुस्सोणि नावाचा ब्राह्मण बुद्धाला थेट विचारतो, आम्ही श्राद्धं घालतो, ती खरंच पोहोचतात का? बुद्ध सांगतो की नरकात, पशुयोनीत, माणसांत किंवा देवलोकात जन्मलेल्याला ते मिळत नाही. प्रत्येक जण तिथलंच अन्न खातो. फक्त प्रेतलोकात असलेल्यालाच ते मिळतं. तो नातलग तिथे नसेल तर तिथल्या इतर नातलगांना मिळतं. इतक्या दीर्घ संसारात कुणीच नातलग तिथे नसेल, हे शक्यच नाही. आणि दात्यालाही फळ मिळतंच.

दान घेणाराही शीलवान हवा. बुद्धघोषाच्या अट्ठकथेत एका शिकाऱ्याची गोष्ट आहे. त्याने मृताच्या नावे एका दुःशील भिक्खूला तीनदा दान दिलं. तिसऱ्या वेळी ते प्रेत ओरडलं, 'हा दुःशील मला लुबाडतोय!' मग शीलवान भिक्खूला दिलेलं दान त्याला पोहोचलं. एका व्यक्तीला न देता संघाला अर्पण करण्यावर इतका भर का, ते यावरून कळतं. संघाला दिलेलं दान एखाद्याच्या दोषाने वाया जात नाही, अशी धारणा आहे.

हे सारं केवळ ग्रंथांत नव्हतं. मध्य प्रदेशातल्या भारहुत स्तूपावर संघरक्षित नावाच्या दात्याचा लेख आहे: हे दान आईवडिलांच्या हितासाठी. आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांत तर त्याहून ठळक पुरावा आहे. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजा पुळुमावीच्या 19 व्या राज्यवर्षाचा लेख आहे. गौतमी बलश्रीने हे लेणं भदावनीय पंथाच्या भिक्खूंना दिलं, आणि तिच्या नातवाने, म्हणजे पुळुमावीने, लेण्याच्या शोभेसाठी पिसाजिपदक हे गाव देताना त्या दानाचं पुण्य आपल्या वडिलांच्या नावे केलं. हे वडील म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी. सातवाहन राजा नाशकात जे करत होता, तेच आज सिंहली कुटुंब पाण्याची धार सोडून करतं.

देशोदेशी रूपं बदलली. कंबोडियात प्चुम बेन हा सण 15 दिवस चालतो. पहाट होण्याआधी लोक विहाराभोवती फिरत भाताचे गोळे टाकतात, म्हणजे प्रेतांना ते थेट मिळावेत. सकाळी भिक्खूंना अन्न देऊन पुण्यही त्यांच्या नावे केलं जातं. दोन्ही गोष्टी एकाच सणात चालतात, आणि गोळे टाकण्याला ग्रंथाधार कितपत, यावर तिथेही चर्चा होते.

महाराष्ट्रात ही चर्चा अधिक टोकदार आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान करणार नाही, अशी प्रतिज्ञा आहे. तरीही आपल्या बौद्ध घरांत 'जलदान विधी व पुण्यानुमोदन' अशी निमंत्रणं येतात. काहींना यात श्राद्धच परत आल्यासारखं वाटतं. पण वरची परंपरा पाहिली तर फरक नेमका सांगता येतो: पिंड मृताला खायला द्यायचा असतो, आणि इथे अन्न जिवंत भिक्खूंना किंवा गरजूंना दिलं जातं. मृताच्या वाट्याला येतं ते अनुमोदन. म्हणूनच अनेक घरांत जेवणावळीऐवजी त्या व्यक्तीच्या स्मरणार्थ विहाराला किंवा शाळेला दान दिलं जातं.