नाइटच्या दोन सिस्टर, सत्तेचाळीस पेशंट आणि एक पत्र : पार्श्वभूमी

कोल्हापुरातल्या एका मोठ्या रुग्णालयातल्या पुरुष मेडिसीन वॉर्डची ही गोष्ट. रुग्णालयाचं नाव इथे देत नाही. एका अधिपरिचारिकेने नाइट संपवून सकाळी इन्चार्ज सिस्टरच्या हातात कमी पडणाऱ्या स्टाफबद्दलचं दीड पानी पत्र दिलं. प्रत मेट्रन मॅडमना, आवक शाखेत पोच घेऊन. खाटा ३६, पेशंट ४७, म्हणजे ११ जण फरशीवर गाद्या टाकून. ड्युटीवर सिस्टर दोन.

ऑफिसमध्ये पहिलं उत्तर मिळालं, "सिस्टर, तुमच्या वॉर्डला बारा जणी आहेत. तीन खाटांना एक होते. नियमात बसतं." मी स्वतः वॉर्डात बरीच वर्षं काढली आहेत, हे उत्तर मीही ऐकलं आहे. आकडा खोटा नसतो, पण तो रात्री दोन वाजता वॉर्डात उभा राहत नाही. हे का होतं ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

१९४६ साली भोर समितीने अहवाल दिला तेव्हा देशात साधारण ४३ हजार लोकांमागे एक नर्स होती. प्रश्न तेव्हा वॉर्डचा नव्हताच, नर्स तयार करण्याचा होता. दुसऱ्या वर्षी इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा आला आणि शिक्षण-नोंदणीची घडी बसली. वॉर्डात किती जणी हव्यात याचे कौन्सिलचे निकष पुढे आले : शिकवणाऱ्या रुग्णालयात ३ खाटांमागे एक, इतर सर्वसाधारण रुग्णालयात ५ खाटांमागे एक, आणि त्यावर रजा-सुट्ट्यांसाठी ३० टक्के जादा. हे निकष शिफारशीच राहिले. पाळले नाहीत म्हणून वॉर्ड बंद पडत नाही.

आता ऑफिसने सांगितलेला तीनाला एकचा निकष या वॉर्डला लावून पाहू. ३६ खाटांना १२ जणी. पण दिवसाला शिफ्ट तीन, म्हणून एका शिफ्टला चार, म्हणजे खरा हिशेब नऊ खाटांना एक. हा हिशेबही तेव्हाच जुळतो जेव्हा बाराच्या बारा रोज हजर असतात. आठवड्याची सुट्टी, नाइट ऑफ, बाळंतपणाची रजा, आजारपण यासाठीच ते ३० टक्के आहेत. ते धरले की १६ जणी लागतात. इथे राखीव चार पदं भरलेलीच नव्हती. बारा जणींतूनच सुट्ट्या निघाल्या, तेव्हा रोज हजर राहिल्या नऊ. मॉर्निंगला चार, इव्हनिंगला तीन, नाइटला दोन. शिवाय निकष खाटा मोजतो आणि फरशीवरचे अकरा जण खाटांत येत नाहीत. अशा रीतीने कागदावरचे तीनाला एक वॉर्डात जवळजवळ चोवीसाला एक झाले.

पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग म्हणजे त्या रात्रीची नोंद. साडेअकराला शेतात फवारणीच्या औषधाची विषबाधा झालेला पेशंट आला. शेतीच्या या पट्ट्यात असे पेशंट नवे नाहीत. त्याला अॅट्रोपिन सुरू झालं. या औषधाचा डोस ठरावीक नसतो. सुरुवातीला दर काही मिनिटांनी नाडी, बाहुल्या, छातीतला घरघराट आणि तोंडाची लाळ बघून वाढवावा लागतो. कमी पडलं तर फुप्फुसात स्राव भरतो. जास्त झालं तर पेशंट भ्रमात जातो, सलाइन ओढून काढतो. म्हणजे एक सिस्टर त्या खाटेला बांधली गेली. सव्वाबाराला दुसऱ्या एकाला रक्त लावायचं होतं. रक्त सुरू केल्यावर पहिली पंधरा मिनिटं शेजारी थांबून थंडी, अंगावर गांधी, कंबरदुखी येते का ते पाहायचं असतं, कारण चुकीच्या रक्ताची लक्षणं बहुधा तेव्हाच दिसतात. त्या पंधरा मिनिटांत बाकीच्या पंचेचाळीस जणांकडे कोणीच नव्हतं.

पुढे तिने लिहिलं आहे : दोनची अँटिबायोटिक्स तीन चाळीसला संपली. नऊ जणांचे चार तासांनी घ्यायचे बीपी-नाडी-श्वास घेता आले नाहीत. फरशीवरच्या एका आजोबांचा ऑक्सिजन मास्क सरकलेला शेजारच्या पेशंटच्या मुलाने सांगितला. आजोबा वाचले. पण ज्या नऊ जणांची नोंद नाही, त्यातला एखादा हळूहळू खालावला असता तर ते सकाळीच कळलं असतं. कमी हातांचा खरा धोका इथे असतो. चुकीचं इंजेक्शन दिसून येतं, न घेतलेली नाडी दिसत नाही.

२००२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या पेशंटमध्ये, नर्समागे एक पेशंट वाढला की तीस दिवसांच्या आत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. तिथली तुलना चार ते आठ पेशंटची होती, चोवीसची नाही, आणि तिथे नातेवाईक पेशंटला उठवत-बसवत नाहीत. म्हणून तो आकडा आपल्या वॉर्डला जसाच्या तसा चिकटवू नये. कॅलिफोर्नियाने २००४ पासून नर्स-पेशंट प्रमाण कायद्याने लागू केलं. आपल्याकडे अजून शिफारशींवर भागवावं लागतं.

मग लेखी का? तोंडी तर रोज शिफ्ट बदलताना ओव्हर देताना सांगितलं जातं. १९९५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली आणि केसपेपरवरची प्रत्येक सही पुरावा ठरू लागली. नोव्हेंबर २०२१ मध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या आयसीयूला आग लागली, त्यात एका डॉक्टरसोबत परिचारिकांनाही अटक झाली. तो प्रश्न आगीचा होता, संख्येचा नव्हे. तरी त्यानंतर वॉर्डावॉर्डांत एकच बोलणं होतं : काही झालं की शेवटी ड्युटीवरची सिस्टर विचारली जाते. पद मंजूर करणारा तिथे नसतो.

याआधीही त्या वॉर्डातून पत्रं गेली होती. "कामाचा ताण फार आहे, स्टाफ वाढवावा" अशी. त्यांवर "नोंद घेतली" एवढाच शेरा आला. ताणावर कोणाला निर्णय घेता येत नाही. या पत्रात तारीख, शिफ्ट, पेशंट, हजर स्टाफ, कोणतं काम किती वाजता व्हायला हवं होतं आणि किती वाजता झालं, एवढंच होतं. कोणाला दोष नव्हता. मागणीही इन्चार्ज सिस्टरच्या हातातली होती. पदं भरणं त्यांच्या हातात नाही, मेट्रन मॅडमच्याही नाही. पण विषबाधेचा किंवा व्हेंटिलेटरची वाट पाहणारा पेशंट आला की कमी भरलेल्या वॉर्डातून एक सिस्टर हलवणं, तातडीचं नसेल ते रक्त सकाळी लावायला डॉक्टरांशी बोलणं, आणि किती पेशंटनंतर ड्युटीवरच्या डॉक्टरना व अधीक्षकांना फोन करायचा तो आकडा लिहून ठेवणं, हे करता येतं.

इन्चार्ज सिस्टरनी पत्र वाचून विचारलं, "हा तीन चाळीसचा टाइम रिपोर्ट बुकात आहे ना?" होता. त्यांनी त्याची झेरॉक्स पत्राला जोडली आणि वर पाठवली. नाइटला तिसरी सिस्टर त्या महिन्यात मिळाली, ती सर्जरी वॉर्डातून उसनी. सर्जरीच्या सिस्टरनी मग आपलं पत्र लिहायला घेतलं.