चूक आणि लकब : आठवणींचं प्रकरण तपासताना

आठवणींचं एखादं प्रकरण तपासायला घेतलं की त्यात दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या सापडतात. एक म्हणजे लिहिणाऱ्याच्या हातून झालेल्या चुका. दुसरी त्याची लकब: तो बोलतो कसा, थांबतो कुठे, तेच पुन्हा का म्हणतो. व्याकरणाच्या पुस्तकाशी ताडून पाहिलं तर दोन्ही सारख्याच नियमाबाहेरच्या दिसतात आणि घाईत असलेला संपादक दोन्हींवर सारखीच रेघ ओढतो. मजकूर शुद्ध होतो, पण ज्या माणसाने तो लिहिला तो त्यात उरत नाही.

फरक डोळ्यांना दिसावा म्हणून एक उतारा रचला आहे. वडिलांच्या मृत्यूबद्दल मुलीने लिहिलंय असं समजू:

«बाबा गेले त्या दिवशी मी घड्याळाला किल्ली दिली नाही. दिली नाही म्हणजे नाहीच. घड्याळ थांबल आणि घरात कुणालाच ते कळल नाही. बाबा रोज सकाळी किल्ली देत. एका हाताने घड्याळ धरत, दुसऱ्या हाताने किल्ली फिरवत, आणि मोजत, मनातल्या मनात, पण ओठ हलायचे. त्यांच्या कपाटात एक वही होती त्यात त्यांनी माझ नाव लीहून खाली काहीच नव्हत लिहिल. आईने ती वही उघडली, बंद केली आणि मला म्हणाली, हे तुझ. मी अजून ती वही वापरलेली नाही. वापरणार नाही.»

आता हाच उतारा एका दक्ष पण घाईच्या हातून गेला तर काय होईल ते पाहा:

«वडिलांच्या निधनाच्या दिवशी मी घड्याळाला किल्ली दिली नाही. परिणामी घड्याळ बंद पडले, परंतु ते कोणाच्याही लक्षात आले नाही. वडील दररोज सकाळी एका हाताने घड्याळ धरून दुसऱ्या हाताने किल्ली फिरवत असत व मनातल्या मनात मोजत असत. त्यांच्या कपाटात एक वही होती, ज्यामध्ये त्यांनी माझे नाव लिहिले होते, परंतु त्याखाली काहीही लिहिले नव्हते. आईने ती वही मला दिली. मी अद्याप ती वापरलेली नाही आणि वापरणारही नाही.»

या दुसऱ्या उताऱ्यात व्याकरणाची एकही चूक काढता येणार नाही. पण बाबांचे ओठ हलायचे थांबले. आईचं «हे तुझं» गेलं आणि वही उघडून बंद करणारे तिचे हात गेले. «दिली नाही म्हणजे नाहीच» हा हट्ट पुनरुक्ती म्हणून कापला गेला, खरं तर त्या मुलीचं दुःख त्याच हट्टात होतं. «परिणामी» हा शब्द तर तिच्या तोंडी येणंच शक्य नाही. मूळ उताऱ्यातल्या खऱ्या चुका मात्र मोजक्या होत्या आणि या सगळ्या खटाटोपाची त्यांना काही गरज नव्हती.

त्या वेगळ्या कशा काढायच्या? माझी पहिली कसोटी कानाची आहे. दुरुस्ती करण्याआधी आणि केल्यावर वाक्य मोठ्याने वाचायचं. आवाज तोच राहिला तर ती दुरुस्ती निर्धास्तपणे करावी, लेखकाला विचारायचीही गरज नाही. मराठीत हे विशेष सोयीचं आहे, कारण ह्रस्व-दीर्घाच्या बहुतेक चुका कानाला कळतच नाहीत. «लीहून»चं «लिहून», «आणी»चं «आणि», «सुरु»चं «सुरू», «माहित»चं «माहीत» केल्याने कुणाचाही सूर बदलत नाही. आवाज बदलणारी दुरुस्ती असेल तिथे मात्र पेन थांबवायचं आणि समासात प्रश्न लिहायचा.

अनुस्वाराची गंमत याहून पुढची आहे. उताऱ्यातली मुलगी «थांबल», «कळल», «माझ» असं लिहिते, पण ती बोलते «थांबलं», «कळलं», «माझं». टिंब राहून गेल्यामुळे वाचक क्षणभर अडखळतो. टिंब दिलं की कागद तिच्या बोलण्याशी जुळतो, म्हणजे इथे दुरुस्ती आवाज परत आणते. उलट «थांबले», «कळले», «माझे» केलं तर व्याकरण तितकंच नीट राहतं, पण बोलणारी बाई भाषण वाचू लागते. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांतही (१९६२ साली आलेल्या, १९७२ साली भर पडून १८ झालेल्या) याला जागा आहे: बोलण्यातली रूपं लिहायची तर ती अनुस्वार देऊन लिहावीत, «असं केलं», «मी म्हटलं», एरवी एकारान्त रूपं वापरावीत. आठवणींचं लेखन पहिल्यापासून शेवटपर्यंत कुणीतरी समोर बसून सांगितल्यासारखं असेल तर ते सगळंच बोलणं आहे असं मानायला मला अडचण वाटत नाही. एकच पथ्य: निवेदनात «केलं» ठरलं की प्रकरणभर «केलं». चार पानं «केलं» आणि मध्येच दोन ओळी «केले» आले, तर ती लकब नसते, बहुतेक वेळा हात औपचारिक वळणावर घसरलेला असतो.

दुसरी कसोटी सातत्याची. लकब पुन्हा पुन्हा येते आणि ठरावीक जागी येते. चूक कुठेही येते. प्रथमपुरुषी स्त्रीलिंगी क्रियापदांचं उदाहरण घ्या. प्रमाण भाषेत «मी गेले, मी उभी होते», पण असंख्य बायका घरी «मी गेली, मी उभी होती» असं बोलतात. संपूर्ण प्रकरणात «मी गेली, मी आली, मी बसली» असेल तर ती तिची भाषा आहे. तिला विचारल्याशिवाय एकही रूप बदलू नये. तीच बाई निवेदनात सगळीकडे «गेले, आले» लिहीत असेल आणि फक्त आजीच्या तोंडी «मी गेली» असेल, तर आजीला तसंच बोलू द्यावं, त्यात विचारण्यासारखंही काही नाही. दोन्ही रूपं निवेदनातच सरमिसळ झाली असतील तेव्हा मात्र प्रश्न विचारावा, आणि तो असा विचारावा: «तुम्ही हे मोठ्याने सांगताना काय म्हणाल?» «बरोबर काय?» असं विचारलं की माणूस लाजून प्रमाण रूप निवडतो.

काळाचंही तसंच. उताऱ्यात «किल्ली देत, धरत, फिरवत, मोजत» असा रीती भूतकाळ आहे आणि शेवटी एकदम «ओठ हलायचे». एकरूपता हवी म्हणून «ओठ हलत» करावंसं वाटेल. पण ते बदलतं कुठे ते पाहा. वाक्याच्या सुरुवातीला ती बाबांचे हात पाहते, थोडी लांबून, थोड्या आदराने. «पण ओठ हलायचे» म्हणताना ती त्यांच्या चेहऱ्याशी येऊन पोचलेली असते, आणि रूपही घरगुती होतं. हा बदल तिने विचार करून केला असेल असं नाही. लकब अशीच नकळत येते, आणि म्हणूनच ती जपायची जबाबदारी तपासणाऱ्यावर पडते. आता शेजारी दुसरं वाक्य ठेवू: «मी दारात उभी होते. डॉक्टर बाहेर येतात. त्यांनी मान हलवली.» इथला «येतात» एकटाच पडला आहे. प्रसंग डोळ्यांसमोर घडतोय असं दाखवायचं होतं, पण पुढच्याच वाक्यात तो भूतकाळात परतला. इथे लेखिकेसमोर दोन वाटा ठेवाव्यात: एक तर तिन्ही वाक्यं वर्तमानात आणा, नाहीतर «बाहेर आले» करा. परस्पर ठरवू नये.

शब्दक्रमावरून असाच घोळ होतो. «काहीच नव्हत लिहिल» यातल्या दोन टिंबांची उणीव ही चूक, पण «लिहिलं नव्हतं» असा सरळ क्रम करण्याची गरज नाही. «काहीच नव्हतं» म्हणताना तिला रिकामं पान दिसतं, «लिहिलं» मागाहून येतं. आणि «आईने बंद केली आणि मला म्हणाली»? काटेकोर पाहिलं तर «आईने» हा कर्ता «म्हणाली»ला चालत नाही, तिथे «ती» हवं. पण बोलताना आपण सगळेच तो गाळतो आणि कुणाचा गोंधळ होत नाही. मी हे वाक्य तसंच सोडेन.

गोंधळ होतो तिथे मात्र दयामाया नको. याच प्रकरणात पुढे असं वाक्य आलं असं धरू: «दवाखान्यातून येऊन आईने मला काहीच विचारल नाही.» दवाखान्यातून आली होती मुलगी. पण «येऊन»चा कर्ता मुख्य क्रियापदाचाच असतो, त्यामुळे वाचकाला आईच दवाखान्यातून येताना दिसते आणि तिचं गप्प राहणं वेगळंच वाटू लागतं. ही खरी चूक, कारण लेखिकेला सांगायचं होतं तेच ती पुसते. दुरुस्ती कशी करायची हा त्यातला नाजूक भाग. «मी दवाखान्यातून परतल्यानंतर आईने मला काहीही विचारले नाही» हे बरोबर आहे, पण या बाईच्या लिहिण्यात «परतल्यानंतर» कुठेच आढळत नाही. ती छोटी वाक्यं शेजारी शेजारी ठेवते. तेव्हा तिच्याच पद्धतीने: «मी दवाखान्यातून आले. आईने मला काहीच विचारलं नाही.» चूक गेली आणि भरीला घातलेला एकही शब्द तिच्या भाषेबाहेरचा नाही.

म्हणून प्रकरण हातात आलं की पहिलं वाचन पेनाशिवाय करावं. त्यात फक्त एक टिपण करायचं: हा माणूस वडिलांना काय म्हणतो, «आणि»ने वाक्य सुरू करतो का, कुठली रूपं वापरतो, कशाची पुनरुक्ती करतो. मग आवाज न बदलणाऱ्या दुरुस्त्या एका फेरीत संपवाव्यात. दुसऱ्या फेरीत उरलेल्या जागा त्या टिपणाशी ताडून पाहाव्यात आणि शंका समासात लिहाव्यात. संगणकावर काम करत असाल तर ट्रॅक चेंजेस चालू ठेवूनच करावं, म्हणजे लेखकाला प्रत्येक बदल दिसतो आणि नाकारता येतो. परत पाठवताना त्याला सांगावं की मोठ्याने वाचा आणि जिथे तुम्ही तुम्हाला ऐकू येत नाही तिथे खूण करा. अशा खुणा येतात त्या बहुतेक आपण «सुधारलेल्या» जागांवरच.

उरलं ते हस्तलिखित, ज्याचा लेखक हयात नाही. त्याच्या समासात प्रश्न लिहून उपयोग नसतो. तिथे आवाज न बदलणाऱ्या दुरुस्त्या कराव्यात, अर्थ उलटवणारी चूक असेल तर मूळ वाक्य तळटीपेत देऊन दुरुस्त करावी, आणि शंका उरेल ते सगळं त्याने लिहिलं तसंच छापावं.