छायाचित्रावरून रत्न आणि काचेचा खडा ओळखणे

अंगठी, नथ किंवा माळेत बसवलेला खडा प्रत्यक्ष हातात नसताना, केवळ जवळून घेतलेल्या छायाचित्रांवरून तो खनिज रत्न आहे की काचेची नक्कल, याचा अंदाज बांधण्याची ही पद्धत आहे. ती तीन गोष्टींवर उभी आहे : खड्याच्या आत दिसणाऱ्या खुणा, पैलूंची घडण आणि पृष्ठभागाची झीज. विदर्भातील खेड्यांत ही पद्धत विशेष उपयोगी पडते, कारण रत्नपरीक्षणाची सुसज्ज प्रयोगशाळा तेथून दूर असते, गावच्या सोनाराकडे भिंगापलीकडे साधन नसते आणि आजी-पणजीकडून आलेला दागिना टपालाने परगावी पाठवण्याची कोणाची तयारी नसते. अशा वेळी मोबाईलवर काढलेले फोटो जाणकाराकडे पाठवले जातात. या पद्धतीची मर्यादा आरंभीच सांगितली पाहिजे. खडा काच आहे, हे छायाचित्रावरून पुष्कळदा खात्रीने सांगता येते. तो अस्सल नैसर्गिक रत्न आहे, हे मात्र केवळ छायाचित्रावरून ठामपणे सांगता येत नाही.

तिन्ही खुणांपैकी जुन्या दागिन्यात झीज सर्वांत बोलकी असते आणि तिचे कारण कठिनतेत आहे. खनिजांची कठिनता दाखवणाऱ्या मोस मापक्रमावर सामान्य काचेची कठिनता ५ ते ६ च्या दरम्यान, तामडा या लालसर रत्नाची ७ च्या आसपास ते ७·५, पाचूची ७·५ ते ८, तर माणिक आणि नीलम यांची ९ असते. घरातल्या आणि शेतातल्या धुळीत क्वॉर्ट्‌झचे, म्हणजे गारगोटीचे, बारीक कण असतात व त्यांची कठिनता ७ आहे. त्यामुळे नुसती धूळ पुसतानाही काचेवर चरे उमटतात. माणिकावर त्याच धुळीचा परिणाम होत नाही. ज्या बाईने अंगठी न काढता निंदणी केली, कापूस वेचला आणि मातीने भांडी घासली, तिच्या अंगठीतला काचेचा खडा काही वर्षांतच माथ्यावर धूसर होतो. त्याच्या माथ्याच्या सपाट पैलूवर सर्व दिशांनी बारीक चरे पडतात आणि जेथे दोन पैलू मिळतात ती धार बोथट होऊन पांढरट दिसू लागते. माणिकाच्या धाराही अगदीच अभंग राहतात असे नाही, कारण एकाच डबीत दुसऱ्या माणिक-हिऱ्यांशी घासल्यास त्या टवकतात; पण तो टवका एखाद्या ठिकाणी असतो, खडा सगळीकडून सारखा झिजत नाही.

एक उदाहरण तपशिलाने पाहणे उपयोगी ठरेल. वर्धा जिल्ह्यातील एका शेतकरी घरात आजेसासूची म्हणून जपलेली चांदीची अंगठी आहे, तीत लांबट गोल लाल खडा असून तो माणिक आहे असे घरात मानले जाते. पहिला फोटो अंगणात उन्हात काढलेला आहे. त्यात एकसारखा, भडक लाल रंग दिसतो. यावरून काहीच ठरत नाही, कारण मोबाईलचा कॅमेरा लाल रंग स्वतःहून गडद करतो आणि रंग ही काचेला सर्वांत सहज देता येणारी गोष्ट आहे. दुसऱ्या फोटोसाठी अंगठी खिडकीजवळ आडवी धरून, प्रकाशाचे प्रतिबिंब माथ्याच्या पैलूवर पडेल अशा कोनातून चित्र घेतले. आता माथ्यावर चऱ्यांचे दाट जाळे दिसते आणि कडेच्या सर्व धारा सारख्याच गोलावलेल्या दिसतात. चांदी मऊ असल्याने कोंदणाची झीज अपेक्षितच होती. पण खडाही तिच्या जोडीने झिजला आहे. येथेच माणिकाची शक्यता जवळजवळ संपते. तरीही हा खडा तामडा असू शकतो का, हा प्रश्न उरतो, कारण तामड्याची कठिनता धुळीतल्या कणांच्या फार वर नसते आणि जुन्या तामड्याच्या धाराही काहीशा मोडलेल्या आढळतात.

म्हणून तिसरा फोटो मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर सोनाराचे दहापट मोठे दाखवणारे भिंग धरून आणि खड्याला बाजूने टॉर्चचा प्रकाश देऊन घेतला. त्यात खड्याच्या आत दोन गोल बुडबुडे दिसले, कडेला काळी, ठसठशीत रेघ आणि मधोमध उजळ ठिपका असलेले. त्यांच्याजवळून वळत गेलेल्या अस्पष्ट रेषाही दिसल्या. वितळलेल्या काचेत अडकलेली हवा आणि नीट न मिसळलेले थर अशा खुणा मागे ठेवतात. कोंदणाच्या काट्यापाशी एक कपचा उडालेला असून त्याचा पृष्ठभाग वळणदार आणि चकचकीत आहे. हा शंखाभ भंग काचेत नेहमी आढळतो, पण तो तामड्यात आणि क्वॉर्ट्‌झमध्येही असतो, त्यामुळे एकट्या कपच्याला निर्णायक मानणे चूक ठरेल. झीज आणि बुडबुडे ही दोन स्वतंत्र कारणे मात्र एकाच दिशेने बोट दाखवतात आणि खडा काच आहे असा निष्कर्ष येथे सुरक्षितपणे काढता येतो.

नव्या अंगठीत झीज नसते, तेव्हा पैलूंची घडण पाहावी लागते. येथे एक समज उलटा रूढ आहे : आकार वेडावाकडा असेल तर खडा नकली, आणि रेखीव असेल तर खरा. प्रत्यक्षात खऱ्या, महागड्या कच्च्या दगडातून वजन कमीत कमी वाया जावे म्हणून कारागीर खड्याचा आकार तिरपा, पोट जाड किंवा माथा एका बाजूला सरकलेला ठेवतो. साच्यात ओतलेली काच उलट तंतोतंत सममित असते आणि एकाच साच्यातले दहा खडे एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत. म्हणून सममितीपेक्षा धारेकडे पाहावे. फिरत्या चाकावर एकेक करून घासलेल्या पैलूंमधली धार रेघेसारखी तीक्ष्ण असते, तीन-चार पैलू एका बिंदूत नेमके मिळत नाहीत आणि प्रत्येक पैलूवर पॉलिशच्या बारीक समांतर रेषा निरनिराळ्या दिशांना गेलेल्या असतात. साच्यातल्या काचेच्या धारा मुळातच मऊ आणि गोल असतात. शिवाय थंड होताना काच आकसते, त्यामुळे पैलू मध्यभागी किंचित खोलगट होतात. ट्यूबलाईटचे प्रतिबिंब अशा पैलूवर सरळ न दिसता वाकलेले दिसते. चांगल्या प्रतीची काच मात्र साच्यातून काढल्यावर पुन्हा घासून पॉलिश केली जाते आणि तिच्या धारा तीक्ष्ण असतात. अशा खड्यापुढे घडणीचा पुरावा दुबळा पडतो.

आतील खुणांचे वाचन सर्वांत कठीण आहे. नैसर्गिक माणकात अतिशय बारीक सुया एकमेकींशी ६० अंशांचे कोन करून तीन दिशांना पसरलेल्या आढळतात, रंगाचे पट्टे सरळ आणि कोनात वळलेले असतात, तर पाचूत पडद्यासारख्या भेगा आणि सूक्ष्म पोकळ्या असतात. यांतले काही स्पष्ट दिसले तर खडा काच नाही, असे म्हणता येते. बुडबुड्यावरून मात्र लगेच काच म्हणणे घाईचे आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ऑग्युस्त व्हेर्नुइल यांनी १९०२ मध्ये जाहीर केलेल्या ज्योत-पद्धतीने बनवलेल्या कृत्रिम माणकातही वायूचे बुडबुडे आणि वक्र रेषा असतात, पण त्याची कठिनता नैसर्गिक माणकाइतकीच ९ असते. बुडबुडे आहेत आणि धारा मात्र वापरूनही तीक्ष्ण आहेत, असे दिसल्यास खडा काचेऐवजी असे कृत्रिम माणिक असण्याचा संभव मोठा असतो. बुडबुडा कारखान्याचाही पुरावा नव्हे : बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे उल्काघाताने वितळलेल्या खडकापासून तयार झालेली काच नैसर्गिक असूनही बुडबुड्यांनी भरलेली असते.

सर्वांत अधिक चुका गोमेदाबाबत होतात. राहूसाठी म्हणून गोमेद घेणारी मंडळी पुष्कळ असल्याने तपकिरी-नारिंगी काचही त्या नावाने विकली जाते. आणि खरा गोमेद नेमका काचेसारखा भासतो. त्याच्या आत पाक ढवळावा तशी लहरदार, धूसर हालचाल दिसते आणि गोलसर स्फटिक विखुरलेले असतात. काचेतल्या वळणदार रेषा आणि बुडबुडे यांची सवय झालेला माणूस अशा खड्याचा फोटो पाहून त्याला बेधडक नकली ठरवतो. फरक असा की गोमेदातली लहर बहुधा संपूर्ण खड्यात पसरलेली असते, काचेत ती एखाद्या पट्ट्यापुरती असते. गोमेदातले स्फटिक अनियमित गोलसर आणि फिकट कडांचे असतात, बुडबुडा मात्र नितळ गोल किंवा एका दिशेने ताणलेला आणि ठळक कडेचा असतो. हा फरक भिंगातून घेतलेल्या स्पष्ट फोटोतच कळतो, आणि तसा फोटो नसेल तर गोमेदावर मत न देणे हेच योग्य.

यामुळे फोटो कसा काढला याला निर्णयाइतकेच महत्त्व येते. खडा आधी कोमट पाण्यात थोडा साबण घालून मऊ ब्रशने धुवावा, कारण कोंदणात साचलेला मळ आतल्या डागासारखा दिसतो. मोती, पोवळे आणि भेगांत तेल भरलेला पाचू यांना मात्र केवळ ओल्या फडक्याने पुसावे. अंगठी पिठात किंवा वाटीत कापडावर स्थिर टेकवून मोबाईल हलू देऊ नये. एकाच खड्याचे किंचित कोन बदलून किमान तीन फोटो घ्यावेत : पृष्ठभागावरचा कण धारांसोबत सरकतो, तर आतला बुडबुडा वेगळ्या अंतराने सरकतो. पैलूंच्या परावर्तनामुळे एकच बुडबुडा अनेक ठिकाणी दिसतो, हेही कोन बदलल्यावरच लक्षात येते. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवल्यास तो दाबला जाऊन बारीक चरे आणि सुया पुसट होतात, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

जुन्या दागिन्यांत एक प्रकार असा आढळतो, ज्यात वर सांगितलेली झिजेची कसोटीच फसते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून युरोपात काचेच्या तळावर तामड्याचा पातळ थर वितळवून चिकटवलेले जोडखडे मोठ्या प्रमाणात बनले. वरचा भाग खरा तामडा असल्याने माथ्याच्या धारा टिकून राहतात आणि त्यात सुयाही दिसू शकतात, रंग मात्र खालच्या काचेचा असतो. अशा खड्याचा बाजूने, आडव्या प्रकाशात फोटो घेतल्यास माथ्याच्या तिरप्या पैलूंवर चमक बदलणारी एक रेषा दिसते आणि बुडबुडे खडाभर विखुरलेले नसून त्या रेषेच्या पातळीतच एका थरात बसलेले असतात. कोंदण मागून बंद असेल तर ही बाजू दिसतच नाही. तेव्हा सोनाराकडून खडा काढून घेऊन अपवर्तनांक, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो ते दाखवणारा आकडा, मोजण्यावाचून इलाज नसतो. काचेचा अपवर्तनांक सामान्यतः १·५० ते १·७० च्या दरम्यान, तर माणकाचा १·७६ ते १·७७ असतो आणि हा फरक कोणत्याही छायाचित्रात मावत नाही.