व्हिडिओ वॉलमधील बेझल कॉम्पेन्सेशन

अनेक पडदे शेजारी शेजारी बसवून तयार केलेल्या व्हिडिओ वॉलवर चित्र अखंड दिसावे, यासाठी पडद्यांच्या कडांमागे येणारा चित्राचा भाग मुद्दाम न दाखवण्याच्या पद्धतीला बेझल कॉम्पेन्सेशन म्हणतात. दुकानाच्या दर्शनी दालनात प्रेक्षक भिंतीच्या अगदी जवळून जातात, त्यामुळे तेथे या जुळणीतील चूक लगेच लक्षात येते.

ही भरपाई केली नाही, तर एका पडद्याचा शेवटचा पिक्सेल आणि पुढच्याचा पहिला पिक्सेल चित्रात लगत असूनही भिंतीवर दूर जातात. मग तिरपी रेषा सांध्याशी तुटून पायरीसारखी दिसते आणि वर्तुळ फाकते. भरपाई केल्यावर चित्र खिडकीच्या गजांआडून पाहिल्यासारखे भासते, म्हणजे गजामागचा भाग दिसत नाही, पण रेषा मात्र आपल्या जागी पुढे सुरू होते.

समजा, 55 इंची फुल एचडी पडदे दोन ओळींत दोन-दोन असे लावले आहेत. अशा पडद्याचा चित्रभाग सुमारे 1209.6 मिमी रुंद असतो आणि त्यात 1920 पिक्सेल असतात, म्हणून एक पिक्सेल 0.63 मिमीचा होतो. दोन चित्रभागांतील अंतर 3.5 मिमी असेल, तर भागाकार 5.56 येतो आणि तो 6 पिक्सेल धरतात. पूर्ण चित्र त्यामुळे 3846 × 2166 पिक्सेलचे होते, आणि उजव्या पडद्यावरचे चित्र 1920 ऐवजी 1926 व्या पिक्सेलपासून सुरू होते. 3840 × 2160 चे तयार चित्र वापरल्यास प्रत्येक पडदा त्यातील 1917 × 1077 एवढाच भाग घेऊन तो किंचित मोठा करतो, त्यामुळे बारीक अक्षरांच्या कडा थोड्या पुसट होतात.

हे अंतर माहितीपत्रकातून न घेता पडदे बसवून झाल्यावर मोजणेच योग्य, कारण पडदे तापून प्रसरण पावतात म्हणून त्यांच्यामध्ये थोडी फट ठेवलेली असते आणि तीही हिशेबात धरावी लागते. पडताळणीसाठी सांध्यावरून जाणारी तिरपी रेषा दाखवून तिच्यावर सरळ पट्टी धरतात. पट्टीपासून पलीकडचा तुकडा एका बाजूला सरकलेला दिसला तर भरपाई कमी, आणि विरुद्ध बाजूला सरकला तर जास्त झालेली असते. एखादा पडदा पुढे आलेला असेल, तर समोरून जुळलेली रेषा बाजूने पाहताना तुटते. हा दोष आकडे बदलून जात नाही, त्यासाठी स्टँडचे स्क्रूच फिरवावे लागतात.

घरगुती टीव्ही जोडल्यास मधले अंतर सहज 20 मिमी होते आणि 32 पिक्सेल लपतात, म्हणजे एखादे लहान अक्षर पूर्ण नाहीसे होऊ शकते. चार पडद्यांच्या रचनेत तर सांध्यांची फुली नेमकी चित्राच्या मध्यावर येते, म्हणून बोधचिन्ह, किंमत किंवा चेहरा मध्यभागी न ठेवता एकाच पडद्याच्या हद्दीत बसवावा लागतो. बहुतेक मजकूरच दाखवायचा असेल, तर भरपाई बंद ठेवणे अधिक बरे.